दगडूचे ऐकताना

पारायणाला बसणाऱ्याला एक नियम कोणी समजावून सांगत नाही, तो बसता बसता अंगी येतो. मध्ये बोलायचे नाही. अध्याय चालू असताना एखादी ओवी कळो न कळो, पटो न पटो, वाचणाऱ्याला थांबवायचे नाही. शंका असेल तर ती समाप्तीपर्यंत मनात ठेवायची. पुष्कळदा असे होते की तिसऱ्या दिवशी आलेल्या शंकेचे उत्तर सातव्या दिवशी आपोआप मिळते, आणि कधी कधी शंकाच चुकीची होती हे कळते.

हा नियम आपण ज्ञानेश्वरीला पाळतो, गाथेला पाळतो. गेल्या चातुर्मासात आम्ही केळापुरातल्या दहा-बारा जणांनी तो एका निराळ्या पुस्तकाला लावून पाहिला. ते पुस्तक म्हणजे दया पवार यांचे ‘बलुतं’. ते 1978 साली ‘ग्रंथाली’ने काढले आणि मराठीत मोठी खळबळ उडाली. त्याला कोणी आत्मकथन म्हणतात, कोणी कादंबरीसारखे वाचतात. ते ‘मी’च्या तोंडून सांगितले आहे, आणि तो ‘मी’ महारवाड्यात वाढलेला आहे. अशी पुस्तके वारकऱ्याने कशी वाचावीत, त्यांतला राग कसा ऐकावा, आणि ती जिथे गप्प राहतात तिथे त्या गप्प राहण्याचा काय अर्थ घ्यावा, याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

वाचन देवळाच्या सभामंडपात ठेवायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते, ते बौद्ध आहेत. त्यांनी 1956 नंतर त्यांच्या घराने धरलेली वाट सोडून आमच्या मंडपात यावे आणि तिथे बसून हे पुस्तक ऐकावे, ही अपेक्षाच बरोबर नव्हती. म्हणून शाळेचा व्हरांडा घेतला. दिवसभर निंदणाचे काम करून आलेली माणसे, रात्री आठ ते साडेनऊ, असे हे वाचन चालले.

आता पुस्तकाची ठेवण सांगतो, कारण राग आणि संयम हे दोन्ही त्या ठेवणीतच आहेत. लेखकाचे पाळण्यातले नाव दगडू मारुती पवार. जन्म 1935 चा, नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. ‘दया पवार’ हे पुढे कवी म्हणून घेतलेले नाव. पुस्तकात ही दोन्ही नावे दोन माणसांसारखी येतात. दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. एक महारवाड्यातला पोर, दुसरा शिकलेला, नोकरीतला, सभासंमेलनांतून वावरणारा कवी. दोघे एकच आहेत, पण एकमेकांजवळ बसायला अवघडतात.

ही युक्ती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. दगडूला जे सोसावे लागले ते सांगायला त्याने पहिला श्रोता आपल्यातलाच निवडला. त्याने ते सवर्ण वाचकाच्या तोंडावर फेकले नाही, त्याच्याकडे दादही मागितली नाही. आपण वाचक दया पवारांच्या मागे उभे राहून ऐकतो. कीर्तनात जसे मागे उभे असलेल्याला पुढच्याच्या खांद्यावरून बघावे लागते, तसे. म्हणून वाचताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की, हे आपल्याला उद्देशून नाही. आपल्यावर आरोप केला आहे असे समजून उत्तराची तयारी करायची गरज नाही. आपल्याला ऐकू दिले आहे, एवढेच.

दगडू या नावाचेही तसेच. मराठी घरांत मुले जगत नसली की दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवायची रीत सगळ्याच जातींत होती. दृष्ट लागू नये म्हणून. पण दगडू आपल्या वाड्यातली नावे आठवतो तेव्हा त्याला दिसते की तिथे अशी नावे अपवाद नाहीत, तीच रीत आहे. नावातच तुच्छता असावी, हा जुन्या शास्त्रातला दंडक त्याला आठवतो. इथे तो ओरडत नाही. नावे ठेवतो समोर आणि पुढे जातो. आमच्या वाचनात इथे एकजण हसला, कारण त्याच्या आजोबांचे नाव धोंडबा होते आणि त्याला ती गंमत वाटली. त्याला कोणी काही म्हटले नाही, कारण मध्ये बोलायचे नाही असे ठरले होते. दोन रात्रींनंतर तोच म्हणाला की आमच्या आजोबांच्या नावात नजर चुकवायची होती, यांच्या नावात जागा दाखवायची होती.

पुस्तकातला एक भाग मी तीनदा वाचला. गावातल्या महारकीचा. दगडू तिथे नुसती कामे सांगत जातो. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा. अंमलदार घोड्यावर आला तर घोड्यापुढे धावायचे, घोड्याला चारापाणी बघायचे. दवंडी द्यायची. कोणाच्या घरी मयत झाले तर गावोगाव सांगावा न्यायचा. मेलेले जनावर ओढून न्यायचे. लाकडे फोडायची. जत्रेत वाजवायचे, नवरदेवाला वेशीवर सामोरे जायचे. या बदल्यात मिळायचे ते बलुते.

बलुते म्हणजे काय हे आपल्यातल्या जुन्यांना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. सुगीला खळ्यावर धान्य आले की सुतार, लोहार, न्हावी, कुंभार अशा गावकामगारांना त्यांचा वाटा देत. पैशाचा व्यवहार नसे, वर्षभराच्या कामाचा तो मोबदला. वरून पाहिले तर सगळे बलुतेदार सारखे वाटतात. पण इथेच थांबून बघावे. सुताराचे काम ठरलेले होते. नांगर, वखर, तिफण नीट करून दिली की त्याचे काम झाले. तो घरी आपल्या नेटावर बसत असे आणि शेतकरी त्याच्याकडे जात असे. महाराच्या कामाला असा शेवट नव्हता. गावाचे काम तेच, सरकारचे कामही तेच. दिवस-रात्र सांगता येत नसे. घरातला कर्ता माणूस सापडला नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कामाला जावे लागे. आमच्या वऱ्हाडाकडे यातली बरीच कामे कोतवालाकडे होती. नाव निराळे, पण कोणत्याही वेळी आलेली हाक ओ देऊन उठवणारी, ही गोष्ट निराळी नव्हती.

याच कारणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचे विधेयक मांडले. वतन ही मानाची गोष्ट आहे असे गावाला वाटत होते, पुष्कळ महारांनाही वाटत होते. बाबासाहेबांनी दाखवले की हे वतनच पायातली बेडी आहे. ज्याचे पोट गावाच्या ओंजळीवर आहे त्याला गावासमोर ताठ उभे राहता येत नाही.

आता दगडूचा संयम बघा. त्या कामांच्या यादीत तो ‘अन्याय’ हा शब्द लिहीत नाही. बलुते मागायला गेल्यावर खळ्यावर जी पुटपुट ऐकायला मिळे ती सांगतो. आणि लगेच हेही सांगतो की त्याच्याच वाड्यातली म्हातारी माणसे बावन्न हक्कांच्या गोष्टी अभिमानाने सांगत. कोण्या राजाने महारांना बावन्न हक्क दिले अशी ती परंपरेने चालत आलेली कथा. म्हणजे एकीकडे मागताना मान खाली, दुसरीकडे तोच वाटा म्हणजे आपला हक्क. दगडूला त्या म्हाताऱ्यांचा राग येऊ शकला असता, त्यांचे हसू करता आले असते. तो दोन्ही करत नाही. माणूस अपमानातही काहीतरी मानाचे शोधून धरतो, नाहीतर जगताच येत नाही, हे त्याला कळलेले आहे. राग त्या यादीच्या लांबीत आहे. एकामागून एक कामे येत जातात, संपत नाहीत, आणि वाचताना आपला श्वास अपुरा पडतो.

मुंबईच्या भागातही हीच रीत. नागपाड्याजवळच्या कावाखान्यात एका खोलीत कितीतरी बिऱ्हाडे, बापे गोदीत आणि हमालीत, बाया चिंध्या-कागद वेचणाऱ्या. दगडूचा बाप गोदीत कामाला आणि दारूत बुडालेला. हे तो झाकत नाही. आपल्या पहिल्या लग्नाची मोडतोड सांगतानाही तो स्वतःच्या वागण्याची सफाई देत नाही. पुस्तक आले तेव्हा आपल्याच शिकलेल्या माणसांपैकी काहींनी त्याला बोल लावला, घरातले उकिरडे कशाला उकरलेस म्हणून. मला वाटते पुस्तकाची प्रतिष्ठा इथेच आहे. जो स्वतःच्या घराबद्दल खोटे बोलत नाही, त्याने गावाबद्दल सांगितलेले खोटे मानायला जागा उरत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण वारकऱ्याला हे पुस्तक वाचताना एक खास अडचण येते. आमच्याकडे ती दुसऱ्याच रात्री आली. एक माळकरी बुवा, मनाने अतिशय चांगले, म्हणाले, “चोखोबांनीही हेच सोसले. पण त्यांच्या मुखात कधी कटू शब्द आला नाही.” पुष्कळांनी माना हलवल्या. हे वाक्य आपल्या ओठांवर इतके बसलेले आहे की ते खरे आहे की नाही हे आपण तपासतच नाही.

चोखोबांचा अंत कसा झाला हे परंपरा सांगते. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालले होते. त्या कामावर चोखोबा होते. कूस ढासळली आणि त्याखाली कामकरी गाडले गेले. ते साल 1338 मानतात. पुढे नामदेवरायांनी ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरीला महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. अस्थींतून येणारे नाम आपण डोळ्यांत पाणी आणून गातो. पण चोखोबा त्या भिंतीवर कशासाठी होते? दगडूची यादी वाचून झाल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. गावकूस बांधायला जाणे हे त्याच यादीतले काम आहे. आपल्या संप्रदायाचा एवढा मोठा संत महारकी करता करता गेला. हे आपल्याला ठाऊक होते, पण आपण ते नीट पाहिले नव्हते.

आणि कटू शब्द आला नाही, हेही अर्धेच खरे. चोखोबांच्या अभंगांत देवाला विचारलेले सरळ प्रश्न आहेत, मार खाल्ल्याची तक्रार आहे. सोयराबाई विटाळ या कल्पनेलाच हात घालतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवाशी भांडतो, आम्हाला या जन्माला घालून तू काय साधलेस असे त्याचे म्हणणे. हे अभंग गाथ्यात छापलेले आहेत, पण भजनात किती वेळा म्हटले जातात ते प्रत्येकाने आपापल्या मंडळात आठवून बघावे. आपण चोखोबांचे जे गायले ते सोसण्याचे गायले आणि मग म्हणालो की ते नुसते सोसत होते. तेव्हा चोखोबांना पुढे करून दगडूला ‘तू असा का रागावतोस’ असे विचारणे हा दोघांवरही अन्याय आहे.

दुसरी एक सवय आपल्याला नाथमहाराजांच्या भारुडांनी लागली आहे. तिथे महार बोलतो, जोहार घालतो, आणि जगाला शहाणपण शिकवतो. नाथांनी त्या काळी तो आवाज मंडपात आणला हे थोर काम झाले. पण तो आवाज नाथांनी दिलेला होता. त्यातला महार कधी थकत नाही, कधी चिडत नाही, त्याला भूक लागत नाही. ‘बलुतं’मध्ये आवाज कोणी दिलेला नाही, तो स्वतःचाच आहे. तो भारुडातल्यासारखा गोड वाटत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. जोहार घालणेच सोडून द्यायचे, हे आंबेडकरांच्या चळवळीतल्या माणसांनी ठरवून केले, हेही इथे लक्षात ठेवावे.

वाचनात काही गोष्टी आम्ही अनुभवाने ठरवत गेलो. त्या सांगतो, कोणाला उपयोगी पडल्या तर पडोत. पुस्तकात शिव्या आहेत, जातीचे उल्लेख आहेत. त्या गाळून वाचायच्या नाहीत, कारण ज्याने त्या ऐकल्या त्याने गाळलेल्या नाहीत. पण त्या वाचताना आवाज काढायचा नाही. कीर्तनकाराला सोंग घेऊन बोलायची सवय असते, पाटील आला की पाटलासारखे, म्हातारी आली की म्हातारीसारखे. इथे ते केले की श्रोते हसतात आणि पुस्तक संपते. सपाट आवाजात वाचावे. आणि दगडू स्वतःबद्दल, आपल्या माणसांबद्दल जो शब्द वापरतो तो व्हरांडा सोडल्यावर आपल्या तोंडी येता कामा नये. तो शब्द त्याला वापरायचा अधिकार आहे, आपल्याला नाही.

तिसऱ्या रात्री एकाने गुरुजींना विचारले, “गुरुजी, तुमच्या लहानपणी इथंही असंच होतं का जी?” विचारणाऱ्याच्या मनात कपट नव्हते. गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुस्तक वाचा भाऊ. मी पुस्तक नाही.” आणि पुढचे पान उघडून त्यांनी स्वतःच वाचायला सुरुवात केली.

या एका उत्तरातून मला पुस्तकाच्या संयमाचा अर्थ लागला. संयम म्हणजे क्षमा, असे आपण धरून चालतो. समोरचा शांत बोलला की त्याने विसरून टाकले असे समजून आपण सुटकेचा श्वास टाकतो. गुरुजी शांत होते, पण त्यांनी काही विसरले होते असे मुळीच नाही. किती सांगायचे, कोणाला सांगायचे आणि केव्हा, हे त्यांनी आपल्या हातात ठेवले होते. ज्याच्या पूर्वजांना कोणत्याही हाकेला उठावे लागत होते, त्याने एका हाकेला न उठणे, ही त्याची प्रतिष्ठा. दगडू तेच करतो. तो जे सांगत नाही ते त्याचे आहे. ते खोदून काढणे आपले काम नाही.

आणखी एक मोह आवरावा लागला. शेवटच्या रात्री कोणीतरी म्हणाले की शेवटी सगळे विठ्ठलाचेच, दगडूही त्याचाच. भाव चांगला, पण दगडूने तसे म्हटलेले नाही. त्याची वाट पंढरीकडून जात नाही, ती बाबासाहेबांकडून बुद्धाकडे जाते. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा दगडू बारा वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या जन्मानंतर बारा वर्षे तरी त्याच्या माणसांना चोखोबांच्या समाधीपुढे पाऊल टाकता येत नव्हते. ज्याला दारात थांबवले तो दुसऱ्या घरी गेला, आणि आता त्याला सांगायचे की तू आमच्याच घरातला, हे बरे दिसत नाही. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणजे चोखोबांचे ऋण तिकडेही मानले जाते. पण ते त्यांनी आपल्या इच्छेने मानले आहे, आपण वसूल करायचे नाही.

या वर्षी आषाढीला महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवाल, तेव्हा मंगळवेढ्याच्या त्या भिंतीवर त्या दिवशी आणखी जे गाडले गेले त्यांचीही आठवण ठेवा. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांतल्या एखाद्याचे नाव दगडू असेलही.

रामकृष्णहरि.